विक्री वाढली, मग नफा का घटला?

मे महिन्यात हिशेबतपासनीसांचं काम आटोपत आलं, की बहुतेक कारखान्यांत विभागप्रमुखांची एक बैठक ठरलेली असते. अर्थ विभागाचे अधिकारी लॅपटॉप जोडतात आणि पडद्यावर नफा-तोटा पत्रक येतं. डावीकडे ‘तपशील’, शेजारी ‘टीप क्रमांक’, मग चालू वर्ष आणि मागील वर्ष असे दोन रकाने, आणि खाली बारीक अक्षरांतल्या पंचवीस-तीस ओळी. समोर बसलेली माणसं आपापल्या कामात मुरलेली असतात. कुठल्या शिफ्टला किती माल रिजेक्ट झाला हे उत्पादनप्रमुखाला तोंडपाठ असतं, कुठल्या पुरवठादाराने भाव किती वाढवला हे खरेदीप्रमुख झोपेतून उठवलं तरी सांगेल. पण त्या पंचवीस ओळींत प्रत्येक जण आपला विभाग शोधतो आणि तो कुणालाच सापडत नाही.

तो सापडत नाही, कारण पत्रकाची मांडणी त्यासाठी केलेलीच नसते. भारतातल्या कंपन्यांचं नफा-तोटा पत्रक 2013च्या कंपनी कायद्यातल्या तिसऱ्या अनुसूचीप्रमाणे बनतं. त्यात खर्च त्याच्या प्रकारानुसार लिहायचा असतो: वापरलेला कच्चा माल, कर्मचाऱ्यांवरचा खर्च, व्याज, घसारा आणि ‘इतर खर्च’. भट्टीवरच्या कामगाराची मजुरी, नाशिकला फिरणाऱ्या विक्री अधिकाऱ्याचा पगार आणि लेखा विभागातल्या कारकुनाचा पगार, हे सगळं एकाच ओळीत. मालवाहतूक, जाहिरात, दुरुस्ती, वीज ‘इतर खर्चा’त. बँकेला, गुंतवणूकदाराला आणि कर विभागाला ही मांडणी सोयीची आहे, कारण तिच्यामुळे एका कंपनीची दुसरीशी तुलना करता येते. कुणाच्या कुठल्या निर्णयाने नफा हलला, हे मात्र ती सांगत नाही.

त्यामुळे अर्थ विभागाबाहेरच्या व्यवस्थापकांना पत्रक समजावताना पहिलं काम मांडणी मोडण्याचं असतं. तेच आकडे, पण वेगळ्या क्रमाने. तेवढं केलं तर चार स्लाइड पुरतात. ते केलं नाही तर चाळीसही अपुऱ्या पडतात, कारण प्रत्येक ओळीचा अर्थ सांगत बसावं लागतं आणि अर्थ कळूनही ‘मग आम्ही काय करायचं’ हा प्रश्न तसाच उरतो.

हे नीट दिसावं म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत धरू. कंपनी काल्पनिक आहे, पण तिचे आकडे अशा उद्योगात सहज शोभतील असे आहेत. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत शेतीपंप बनवणारा एक कारखाना समजा. गेल्या वर्षी त्याने सरासरी 10,000 रुपये दराने 1,00,000 पंप विकले. म्हणजे विक्री 100 कोटी. या वर्षी विक्री विभागाने डीलरांसाठी योजना आणली आणि 1,10,000 पंप गेले. दहा टक्के वाढ. विभागात पेढे वाटून झाले. आणि बैठकीत कळलं, की निव्वळ नफा सव्वापाच कोटींवरून तीन कोटींवर आला आहे.

पहिली स्लाइड या धक्क्याची नसावी. ती फक्त एका गोष्टीची असावी: ग्राहकाने दिलेले शंभर रुपये कुठे जातात. विक्रीला शंभर मानायचं आणि गेल्या वर्षीचे आकडे एकाच आडव्या पट्टीत तुकडे पाडून दाखवायचे. आपल्या कारखान्यात 58 रुपये मालात गेले: बिडाचं कास्टिंग, तांब्याची तार, स्टॅम्पिंग, बेअरिंग, खोके. 10 रुपये प्रत्येक पंपामागे लागणाऱ्या इतर गोष्टींत: वाहतूक, यंत्रावरची वीज, नगावर दिलेली मजुरी. 12 रुपये पगारात, 7 रुपये भाडं, जाहिरात, देखभाल, कार्यालय यांत, 3 रुपये घसाऱ्यात, 3 रुपये बँकेच्या व्याजात. उरले 7. त्यातले पावणेदोन आयकरात गेले, कारण सवलती सोडून 22 टक्क्यांचा दर निवडलेल्या कंपनीला अधिभार आणि उपकर धरून सुमारे 25.17 टक्के कर बसतो. हाती राहिले सव्वापाच.

या पट्टीखाली दोन ओळखीच्या कंपन्यांच्या पट्ट्या ठेवल्या तर खोलीतलं वातावरण बदलतं. डी-मार्ट चालवणाऱ्या अ‍ॅव्हेन्यू सुपरमार्ट्सची 2023-24मधली विक्री सुमारे 50,800 कोटी रुपये होती आणि निव्वळ नफा 2,500 कोटींच्या थोडा वर. शंभरातले पाच. त्याच वर्षी टीसीएसचं उत्पन्न सुमारे 2,40,900 कोटी आणि निव्वळ नफा सुमारे 45,900 कोटी. शंभरातले एकोणीस. डी-मार्टचे शंभरातले सुमारे 85 रुपये माल विकत घेण्यातच जातात, टीसीएसचे निम्म्याहून जास्त कर्मचाऱ्यांवर. पाच टक्के चांगले की वाईट, हा प्रश्न धंदा कुठला हे ठरल्याशिवाय विचारताच येत नाही, हे इथे वेगळं सांगावं लागत नाही. कुठल्या तुकड्यावर लक्ष ठेवायला हवं, तेही पट्टीच्या लांबीवरूनच कळतं.

याच स्लाइडवर विक्रीप्रमुखाचा पहिला प्रश्न येतो, आणि तो यायलाच हवा. “आमच्या तक्त्यात 110 कोटी आहेत. तुमच्याकडे 105.6 कसे?” बहुतेक कंपन्यांत विक्री विभाग यादीतल्या दराने हिशेब ठेवतो. पत्रकात मात्र लेखामानकांप्रमाणे डीलरला दिलेली सूट आधीच वजा होते आणि उरलेली रक्कमच विक्री म्हणून येते. बिलात वसूल केलेला जीएसटीही त्यात नसतो, कारण तो कंपनीचा पैसाच नाही, सरकारसाठी गोळा केलेला आहे. 110 आणि 105.6 यांत 4.4 कोटींचा फरक आहे आणि तो सगळा योजनेचा आहे. हा आकडा पुढच्या स्लाइडांवर पुन्हा येणार आहे. दोन विभागांचे आकडे जुळत नाहीत म्हणून पुढे तासभर वाद घालण्यापेक्षा हा फरक बैठकीच्या आदल्या दिवशीच विक्रीप्रमुखाबरोबर बसून मिटवावा. बैठकीत तो कळला तर त्याला आरोपाचा वास येतो.

दुसऱ्या स्लाइडवर मांडणी मोडायची. खर्चाचे दोनच ढीग करायचे: एक पंप जास्त बनवला तर वाढणारा खर्च, आणि पंप बनो न बनो, होणारा खर्च. गेल्या वर्षी पहिला ढीग 68 कोटींचा होता, म्हणजे पंपामागे 6,800 रुपये. 10,000तून ते गेले की 3,200 उरतात. या उरलेल्या रकमेला कारखान्यात ‘काँट्रिब्युशन’ म्हणतात. एक लाख पंपांचं मिळून ते 32 कोटी झालं. या 32 कोटींतून दुसरा ढीग भागवायचा: पगार 12, इतर 7, घसारा 3, मिळून 22. कामकाजाचा नफा राहिला 10 कोटी. त्यातून व्याज 3 कोटी, मग कर.

आता या वर्षीचा रकाना. सरासरी दर 9,600वर आला, तांबं महागल्याने मालाचा खर्च पंपामागे 5,800चा 5,900 झाला, बाकीचे हजार तसेच राहिले. म्हणजे पंपामागे उरतात 2,700 रुपये. ते 1,10,000 पंपांवर 29.7 कोटी होतात. ठरलेल्या खर्चात पगार अर्धा कोटीने वाढला, म्हणून 22चे 22.5 झाले. कामकाजाचा नफा 7.2 कोटी. डीलरांकडे उधारी जास्त अडकली म्हणून व्याज 3.2 कोटी. करापूर्वी 4 आणि करानंतर 3.

हे दोन ढीग करणं वाटतं तितकं सोपं नाही, आणि अर्थ विभागाचा खरा वेळ इथेच जातो. वीजबिल घ्या. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकाच्या बिलात वापरलेल्या युनिटांचा आकार वेगळा असतो आणि मागणी आकार वेगळा. यंत्रं बंद असली तरी मागणी आकार भरावा लागतो. तेव्हा एकाच बिलाचे दोन तुकडे करून दोन ढिगांत टाकावे लागतात. मजुरीचंही तसंच. नगावर पैसे घेणारा कंत्राटी कामगार पहिल्या ढिगात, कायम कामगार दुसऱ्या. ओव्हरटाइम पहिल्या. ही वाटणी उत्पादन आणि मनुष्यबळ विभागाला विचारल्याशिवाय अर्थ विभागाने एकट्याने करू नये. एक तर त्यांना जास्त माहीत असतं, आणि दुसरं म्हणजे जी वाटणी त्यांनी स्वतः केली, तिच्यावर ते बैठकीत भांडत नाहीत. वाटणीलाही मर्यादा आहेत. पंप 1,10,000चे 1,50,000 करायचे झाले तर नवी यंत्रं, नवी शेड, आणखी पर्यवेक्षक लागतील, आणि आज ‘ठरलेला’ दिसणारा खर्च एकदम वर उडी घेईल. ही स्लाइड सध्याच्या क्षमतेपुरतीच खरी आहे, हे तिच्याच तळाशी एका ओळीत लिहावं.

तिसरी स्लाइड ही या सगळ्याची जान आहे. तिला कंपन्यांत ‘ब्रिज’ म्हणतात. डावीकडे गेल्या वर्षीच्या कामकाजाच्या नफ्याचा उभा खांब, 10 कोटी. उजवीकडे या वर्षीचा, 7.2 कोटी. आणि या दोहोंच्या मध्ये, 10वरून 7.2वर आपण कसे आलो ते सांगणारे चार तुकडे.

पहिला तुकडा वर जाणारा, हिरवा. 10,000 पंप जास्त विकले. प्रत्येकामागे गेल्या वर्षीच्या हिशेबाने 3,200 रुपये उरले असते, म्हणजे 3.2 कोटींची भर. दुसरा खाली येणारा, लाल. 1,10,000 पंपांवर प्रत्येकी 400 रुपये कमी मिळाले, वजा 4.4 कोटी. तिसरा तांब्याचा: तेवढ्याच पंपांवर शंभर रुपये जास्त गेले, वजा 1.1 कोटी. चौथा पगाराचा, वजा अर्धा कोटी. 10 अधिक 3.2, वजा 4.4, वजा 1.1, वजा 0.5, बरोबर 7.2. गणित चौथीतलं आहे. पण पंचवीस ओळींच्या पत्रकात न दिसणारी गोष्ट इथे मागच्या रांगेतूनही दिसते: योजनेने 3.2 कोटी आणले आणि 4.4 कोटी नेले.

इथे विक्रीप्रमुख नक्की म्हणेल, “मॅडम, योजना नसती तर हे 10,000 पंप गेले नसते. दोन्ही तुकडे वेगळे कसे धरता?” त्याचं म्हणणं रास्त आहे, आणि अर्थ विभागाने ते मान्य करूनच पुढे जावं. ब्रिजवर पंपांची संख्या आणि दर हे दोन वेगळे तुकडे असले तरी त्यांच्यामागचा निर्णय एकच होता. त्यामुळे दोन्ही मिळून वाचायचे: वजा 1.2 कोटी. योजनेचा परिणाम एवढा. आणि हाही आकडा असं गृहीत धरतो, की योजना नसती तर विक्री गेल्या वर्षीइतकीच राहिली असती. पाऊस चांगला झाला आणि पंप एरवीही खपले असते, तर योजनेचा तोटा याहून मोठा. प्रतिस्पर्ध्याने आधीच दर पाडले असतील आणि योजना नसती तर विक्री 90,000वर घसरली असती, तर तीच योजना फायद्याची ठरते. ब्रिज काय झालं ते सांगतो. काय झालं असतं ते बाजारात फिरणाऱ्या माणसालाच विचारावं लागतं, आणि त्या क्षणी बैठकीत बोलण्याची पाळी विक्रीप्रमुखाची असते, अर्थ विभागाची नव्हे.

एक हिशेब मात्र त्याच्या हातात द्यावा. 400 रुपयांची सूट दिल्यावर पंपामागे 3,200ऐवजी 2,800 उरतात. 32 कोटींचं काँट्रिब्युशन राखायला 2,800च्या हिशेबाने किती पंप विकायला हवे होते? 32 कोटींना 2,800ने भागलं की 1,14,286 येतात. म्हणजे चार टक्क्यांची सूट भरून काढायला सव्वाचौदा टक्के जास्त विक्री लागत होती. झाली दहा टक्के. योजना आखताना हा भागाकार कुणी केला असता, तर डीलरांचं लक्ष्य दहा टक्क्यांवर ठेवलंच गेलं नसतं. पुढच्या योजनेच्या कागदावर ही एक ओळ आधीच लिहायची सवय लागली, तर अख्ख्या बैठकीचा खर्च वसूल झाला.

ब्रिज बनवणाऱ्याने एक पथ्य पाळायचं असतं. जास्तीचे 10,000 पंप कमी दराने गेले, त्यामुळे त्यांच्यावरची 400 रुपयांची घट, म्हणजे 40 लाख, संख्येच्या तुकड्यात धरायची की दराच्या? वर ती दरात धरली आहे. संख्येत धरली तर तुकडे 2.8 आणि 4.0 होतात. बेरीज तीच, पण विक्री विभागाची शाबासकी आणि दोष दोन्ही बदलतात. दोन्ही रीती चालतात. दर वर्षी रीत बदलणं मात्र चालत नाही, कारण मग व्यवस्थापकांचा आकड्यांवरचा विश्वास उडतो आणि तो परत यायला फार वेळ लागतो.

तांब्याच्या तुकड्याबद्दलही न्यायाने वागावं लागतं. तांब्याचा भाव शिरोलीत ठरत नाही. तो लंडन मेटल एक्स्चेंजवरच्या दराने आणि रुपया-डॉलरच्या भावाने हलतो. वजा 1.1 कोटीचा लाल तुकडा खरेदीप्रमुखाच्या नावावर टाकून मोकळं होणं सोपं आहे. त्याऐवजी बाजारभाव किती वाढला आणि आपण किती जास्त दिला, असे त्याचे दोन भाग करावेत. बाजारभावाने 1.4 कोटींचा फटका बसायला हवा होता आणि प्रत्यक्षात 1.1चा बसला असेल, तर खरेदी विभागाने 30 लाख वाचवलेले आहेत आणि लाल रंगाखाली ते झाकले गेले आहेत.

उत्पादनप्रमुख एवढा वेळ गप्प असतो, कारण चारही तुकड्यांत त्याचं नाव नाही. उदाहरणात जेवढे पंप बनले तेवढेच विकले गेले, असं धरलं होतं. समजा, त्याने 1,20,000 बनवले आणि 10,000 गोदामात राहिले. काय होईल? पहिली प्रतिक्रिया अशी, की न विकलेल्या पंपांचा खर्च नफ्यातून जाईल. तसं होत नाही. न विकलेल्या मालाचा खर्च पत्रकात येत नाही, तो शिल्लक साठा म्हणून ताळेबंदात जाऊन बसतो. वैधानिक पत्रकात ‘साठ्यातील बदल’ अशी एक ओळ असते. ती याचसाठी, आणि ती वाचताना भले भले अडखळतात.

गोष्ट इथेच संपत नाही. साठ्याच्या किमतीत फक्त तांबं आणि कास्टिंग धरत नाहीत. लेखामानकाप्रमाणे कारखान्याच्या ठरलेल्या खर्चाचा वाटाही त्यात धरावा लागतो: शेडचं भाडं, पर्यवेक्षकांचे पगार, यंत्रांचा घसारा. साडेबावीस कोटींतले असे 11 कोटी कारखान्याचे आहेत, असं समजू. ते 1,20,000 पंपांवर वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे 917 रुपये येतात. गोदामातल्या 10,000 पंपांबरोबर सुमारे 92 लाख रुपये या वर्षीच्या खर्चातून उठून साठ्यात जातात. एकही पंप जास्त न विकता वैधानिक पत्रकातला नफा 92 लाखांनी वाढलेला दिसतो. पुढच्या वर्षी तो साठा विकला गेला की ते 92 लाख खर्च म्हणून परत येतात, आणि त्या वर्षाचा व्यवस्थापक विनाकारण बोलणी खातो. ही लबाडी नाही, नियमाप्रमाणेच होतं. म्हणूनच वार्षिक नफ्यावर बोनस ठरणाऱ्या कारखान्यात तयार मालाचं गोदाम मार्चअखेर भरलेलं दिसलं, की जाणकार माणूस आधी तिकडे बघतो. ओळखायची खूण साधी आहे: विक्री दहा टक्के वाढली आणि तयार मालाचा साठा चाळीस टक्के वाढला असेल, तर नफ्यातला काही भाग गोदामात आहे.

दुसरी तशीच जागा म्हणजे 31 मार्च. मालाचा ताबा डीलरकडे गेला की विक्री नोंदली जाते, पैसे 90 दिवसांनी आले तरी. त्यामुळे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ट्रक भरभरून निघतात. त्यातला बराच माल एप्रिलमध्ये परत आला किंवा त्यावर क्रेडिट नोट काढाव्या लागल्या, तर मार्चची विक्री फुगवलेली होती. यासाठी पत्रकात काही शोधण्याची गरज नाही, एप्रिलच्या क्रेडिट नोटांची यादी मागवली की पुरतं. ‘नफा झाला मग बँकेत पैसे का नाहीत’ हा सेवा विभागाचा किंवा मनुष्यबळाचा नेहमीचा प्रश्न असतो, आणि त्याचं निम्मं उत्तर या उधारीत आणि त्या गोदामात असतं. या दोन्ही गोष्टी स्लाइडवर घालू नयेत. प्रश्न आला की तोंडी सांगाव्यात, फळ्यावर खडूने किंवा पेनने मांडून. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पडद्यावर असलं की चौथ्या स्लाइडपर्यंत कुणी जागं राहत नाही.

चौथी स्लाइड प्रत्येकाच्या हातात काय आहे त्याची. कुठलीही एक गोष्ट एक टक्क्याने हलली, बाकी सगळं तसंच राहिलं, तर या वर्षीच्या 7.2 कोटींच्या कामकाजाच्या नफ्यात किती फरक पडतो? दर एक टक्का वाढला तर 1 कोटी 6 लाख. मालाचा खर्च एक टक्का कमी झाला तर 65 लाख. पंप एक टक्का जास्त विकले गेले तर 30 लाख. ठरलेला खर्च एक टक्का कमी झाला तर साडेबावीस लाख. चारच आकडे, मोठ्यापासून छोट्याकडे, प्रत्येकाच्या पुढे तो ज्याच्या हाती आहे त्या विभागाचं नाव.

या क्रमाने बैठकीतल्या बऱ्याच समजुती हलतात. खर्च कमी करा म्हटलं की नजर आधी चहा, प्रवास आणि छपाईकडे जाते, पण तो सगळा भाग सर्वांत खालच्या आकड्यातही एक तुकडाच आहे. एक टक्का दर राखणं हे एक टक्का जास्त पंप विकण्याच्या साडेतीन पट मोलाचं आहे, आणि विक्री अधिकाऱ्यांचं इन्सेंटिव्ह मात्र नगावर ठरलेलं आहे. उत्पादन विभागाचं नाव दुसऱ्या आकड्यापुढे, खरेदीच्या शेजारी येतं, कारण मालाचा खर्च भावाने जितका हलतो तितकाच नासाडीनेही हलतो. कास्टिंगचं रिजेक्शन, स्टॅम्पिंगचा स्क्रॅप, गुंडाळताना वाया गेलेली तार, हे सगळं त्या 64.9 कोटींतच आहे. शॉप फ्लोअरवर रिजेक्शन टक्क्यांत बोलतात, तर ते रुपयांतही बोलता येतं, हे या स्लाइडने दिसतं. याही स्लाइडला मर्यादा आहे, आणि ती ‘बाकी सगळं तसंच राहिलं तर’ या अटीत आहे. दर वाढवला की विक्री कमी होऊ शकते, स्वस्त बेअरिंग घेतलं की वॉरंटीच्या तक्रारी वाढू शकतात. म्हणून हे आकडे निर्णयाची सुरुवात म्हणून वापरायचे.

स्लाइड बनवताना काही साध्या गोष्टी सांभाळल्या तर फरक पडतो. सगळे आकडे कोटींत, एका दशांशापर्यंत. पत्रकातले 7,19,83,412 रुपये पडद्यावर आणले, की माणसं आकडा वाचण्यात गुंततात आणि तो कशाबद्दल आहे ते निसटतं. चारही स्लाइडांवर तेच शब्द: एका ठिकाणी ‘विक्री’, दुसऱ्या ठिकाणी ‘उलाढाल’ आणि तिसऱ्या ठिकाणी ‘उत्पन्न’ असं लिहिलं, तर ऐकणाऱ्याला ती तीन वेगळी माणसं वाटतात. आणि शेवटच्या ओळीतला आकडा वैधानिक पत्रकाशी तंतोतंत जुळला पाहिजे. मांडणी आपली, पण निव्वळ नफा तोच. ज्याला खात्री करायची असेल त्याच्यासाठी मूळ पत्रकाची एक छापील प्रत टेबलावर असावी.

ही बैठक नीट झाली, तर तिच्या शेवटी एक मागणी येते, आणि ती बहुधा विक्रीकडूनच येते: हाच ब्रिज पंपाच्या प्रकारानुसार द्या. तीन एचपीचा, पाच एचपीचा, पाणबुडी पंप, वेगवेगळा. 2,700 ही सरासरी आहे. कदाचित पाणबुडी पंपावर 4,500 उरत असतील आणि तीन एचपीवर जेमतेम हजार, आणि योजनेत नेमके तीन एचपीचेच पंप गेले असतील. तसं असेल तर पुढच्या हंगामात योजना कुठल्या पंपावर द्यायची, याचं उत्तर त्या एका तक्त्यात आहे. अर्थ विभागाला मात्र तो तक्ता एकट्याने बनवता येत नाही. त्यासाठी कुठल्या मॉडेलला किती किलो तांबं आणि किती किलो कास्टिंग लागतं, ते उत्पादनाच्या बिल ऑफ मटेरियलमधून यायला हवं, कुठल्या मॉडेलवर किती सूट गेली ते विक्रीच्या क्रेडिट नोटांमधून, आणि कुठल्या मॉडेलच्या वॉरंटीवर किती खर्च झाला ते सेवा विभागाच्या नोंदींमधून. तिघांनी आपापल्या याद्या पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत द्यायच्या, असं इतिवृत्तात लिहिलं जातं.